न आलेल्या ओव्हरलॉक मशीनची फाईल : कार्डावरील एका व्यवहाराच्या नोंदी, मार्च ते जुलै 2024

19 मार्च 2024, मंगळवार

मिरजेच्या मावशीसाठी 4 मार्च रोजी एका संकेतस्थळावरून चार धाग्यांचे ओव्हरलॉक मशीन मागवले होते. किंमत 18,400 रुपये माझ्या क्रेडिट कार्डावरून भरली. कार्ड व्हिसाचे आहे आणि पैसे भरताना ओटीपी मीच टाकला होता. ऑर्डर पक्की झाल्याच्या ईमेलमध्ये ‘14 मार्चपर्यंत घरपोच’ असे स्पष्ट लिहिले आहे. आज 19 तारीख आहे आणि मशीन आलेले नाही. लग्नसराईची ब्लाउजे मावशीकडे येऊन पडली आहेत, म्हणून तिला मशीन लवकर हवे होते. तिच्या आजच्या फोनवरून हे प्रकरण नुसते वाट पाहून सुटणार नाही असे वाटले, आणि म्हणून ही नोंदवही सुरू करीत आहे.

पहिले काम म्हणून, संकेतस्थळ अजून चालू असतानाच त्यावरची सर्व पाने पीडीएफ करून ठेवली. त्यात मशीनचे पान आहे, ज्यावर वजन साडेसहा किलो असे दिले आहे. ऑर्डरचे पान, माल पोहोचवण्याच्या अटींचे पान आणि विक्रेत्याचे नाव-पत्ता असलेले पानही आहे. प्रत्येक पानावर संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता आणि आजची तारीख दिसेल याची काळजी घेतली. अशी संकेतस्थळे एका रात्रीत बंद होतात किंवा त्यांवरची तारीख बदलली जाते, आणि मग कबूल केलेली मुदत कोणती होती हे सिद्ध करण्यासाठी हाती फक्त आपला शब्द उरतो. ऑर्डरचा ईमेल मात्र चित्र म्हणून न ठेवता मूळ स्वरूपातच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला.

कार्डाच्या बिलात विक्रेत्याचे नाव संकेतस्थळाच्या नावापेक्षा वेगळे आले आहे, कारण पैसे एका मध्यस्थ पेमेंट कंपनीमार्फत गेले आहेत. बँकेला तक्रार करताना बिलावरचेच नाव, तीच तारीख आणि पैशांपर्यंत तोच आकडा द्यावा लागतो, म्हणून बिलातील ती ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली.

20 मार्च, बुधवार

बँकेकडे जाण्याआधी विक्रेत्याला लेखी संधी देणे आवश्यक आहे. हा केवळ शिष्टाचार नाही. माल न मिळाल्याच्या तक्रारीत ग्राहकाने विक्रेत्याशी प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला होता का, हे बँक विचारते आणि त्याचा पुरावा मागते. फोनवरच्या बोलण्याचा असा पुरावा राहत नाही, म्हणून ईमेलच पाठवला. संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता दिलेला होता, तोच वापरला. ई-कॉमर्ससाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार असा अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करणे, तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

पत्र मुद्दाम लहान ठेवले. ऑर्डर क्रमांक, व्यवहाराची तारीख आणि रक्कम, कबूल केलेली 14 मार्च ही तारीख आणि माल मिळालेला नाही हे वाक्य, एवढेच लिहून पुढे म्हटले : ‘27 मार्चपर्यंत माल दिलेल्या पत्त्यावर पोहोचवावा, अन्यथा पूर्ण रक्कम त्याच कार्डावर परत करावी. तसे न झाल्यास मी कार्ड देणाऱ्या बँकेकडे विवाद दाखल करीन.’ पहिल्या मसुद्यात मी बराच राग व्यक्त केला होता. तो सगळा काढून टाकला. हे पत्र पुढे बँकेतील एखादा कर्मचारी वाचणार आहे आणि त्याला त्यात तारखा सापडायला हव्यात.

22 मार्च, शुक्रवार

उत्तर आले. ‘आपली ऑर्डर रवाना झाली आहे, कृपया वाट पाहावी,’ एवढेच लिहून स्पीड पोस्टचा तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक दिला आहे. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहिला. वस्तू 21 मार्च रोजी, म्हणजे माझ्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या राज्यातील एका टपाल कार्यालयात नोंदवलेली दिसते. जायचे ठिकाण म्हणून मिरजेचा पिनकोड 416410 दिसतो.

मावशीला फोन करून सांगितले तेव्हा तिला हायसे वाटले. मला मात्र त्याच पानावरचा एक आकडा खटकत राहिला. टपाल शुल्काच्या रकान्यात 41 रुपये 30 पैसे असे आहे. स्पीड पोस्टचा मार्च 2024 मधील दर, स्थानिक टपाल सोडल्यास, 50 ग्रॅमपर्यंतच्या वस्तूला देशात कुठेही 35 रुपये होता आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की नेमके 41 रुपये 30 पैसे होतात. म्हणजे पाठवलेली वस्तू 50 ग्रॅमपेक्षा जड नाही. साडेसहा किलोचे मशीन 50 ग्रॅमच्या पाकिटात मावत नाही.

पानाची पीडीएफ लगेच काढून ठेवली, कारण ही माहिती संकेतस्थळावर कायम राहत नाही. विक्रेत्याला मी या आकड्याबद्दल आज काहीही लिहिले नाही. त्याला अजून 27 तारखेपर्यंत मुदत आहे आणि तो पुढे काय करतो ते पाहायचे आहे.

28 मार्च, गुरुवार

काल, 27 मार्च रोजी, टपालाच्या पानावर ‘वितरित’ अशी नोंद आली. मावशी दिवसभर घरी होती आणि तिच्याकडे कोणीही आले नाही. शेजारच्या दोन्ही घरी आणि खालच्या दुकानातही विचारले. कोणाकडेही काही दिलेले नाही.

हे कसे घडते हे समजून घेतल्याशिवाय उत्तर देता येणार नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवतो. टपालाच्या पानावर पूर्ण पत्ता दिसत नाही, फक्त पिनकोड आणि वितरण करणारे कार्यालय दिसते. विक्रेता ग्राहकाच्याच पिनकोडमधील दुसऱ्या कोणत्याही पत्त्यावर एक हलके पाकीट पाठवतो. ज्याच्याकडे ते पोहोचते तो सही करून घेतो, आत रिकामा कागद असला तरी तो तक्रार करीत नाही, आणि विक्रेत्याच्या हाती ‘मिरज, 416410, वितरित’ अशी अधिकृत नोंद येते. बँकेत अशी नोंद वरवर पाहणाऱ्याला माल पोहोचला असेच वाटेल. टपाल खात्याची यात काहीही चूक नाही. त्यांनी पाकीट ज्याचे होते त्यालाच दिले.

त्यामुळे हा वाद जिंकायचा असेल तर ‘वितरित’ या शब्दाला उत्तर मिळवणे हेच खरे काम आहे. आज सकाळी मावशीला घेऊन मिरजेच्या टपाल कार्यालयात गेलो. पोस्टमास्तरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की, पाकीट कोणाला दिले त्याचे नाव ते आम्हाला सांगू शकत नाहीत. हे योग्यच आहे आणि आम्हाला त्या नावाची गरजही नव्हती. आम्ही एवढेच विचारले की, हे पाकीट मावशीच्या नावाचे व पत्त्याचे होते का आणि ते त्या पत्त्यावर दिले गेले का, याचे उत्तर लेखी मिळेल का. त्यावर त्यांनी अर्ज द्यायला सांगितले.

अर्जावर सही मावशीची घेतली. ऑर्डरवर माल घेणारी व्यक्ती म्हणून तिचे नाव आहे, तर कार्ड माझे आहे. कार्डधारक एक आणि माल घेणारा दुसरा असला की, माल मिळाला नाही हे दोघांच्याही तोंडून यावे लागते. सांगलीत राहणाऱ्या मी ‘मला मिळाला नाही’ असे लिहिले तर ते खरे असूनही अपुरे ठरते. म्हणून मावशीचे एक वेगळे सहीचे निवेदनही घेतले, ज्यात ती 27 मार्चला घरी होती आणि तिला किंवा घरातील कोणालाही या ऑर्डरची वस्तू मिळालेली नाही, असे लिहिले आहे. सोबत तिच्या पत्त्याच्या पुराव्याची प्रत जोडली.

संध्याकाळी विक्रेत्याला दुसरा ईमेल केला : नोंद ‘वितरित’ दाखवत असली तरी माल मिळालेला नाही, आणि पैसे परत करावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवली. तेथून पैसे मिळवून देण्याचा आदेश निघत नाही, पण तक्रार विक्रेत्याकडे पाठवली जाते आणि आपल्याला तारखेसह एक क्रमांक मिळतो, जो प्रयत्नाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

2 एप्रिल, मंगळवार

टपाल कार्यालयाचे उत्तर आले. शिक्का, तारीख आणि जावक क्रमांकासह दोनच ओळी आहेत : सदर क्रमांकाची वस्तू अर्जदाराच्या नावे व पत्त्यावर आलेली नाही व त्या पत्त्यावर वितरित करण्यात आलेली नाही. संपूर्ण फाईलमध्ये यापेक्षा मोलाचा कागद नाही. मी आणि विक्रेता, दोघेही या वादातील पक्ष आहोत. टपाल कार्यालय तसे नाही.

विक्रेत्याकडून दुसऱ्या ईमेलला उत्तर नाही.

3 एप्रिल, बुधवार

आज बँकेकडे विवाद दाखल केला. त्याआधी मुदतीचा हिशेब मांडला. व्हिसाच्या नियमांत माल न मिळाल्याच्या तक्रारीला 13.1 हा क्रमांक आहे. तो लावण्याची मुदत साधारणपणे व्यवहारापासून किंवा माल मिळण्याच्या कबूल केलेल्या शेवटच्या दिवसापासून 120 दिवस असते. 14 मार्चपासून मोजले तर 12 जुलै येते. कबूल केलेली तारीखच नसेल तर व्यवहारानंतर निदान 15 दिवस थांबावे लागते. आमच्याकडे तारीख आहे आणि ती उलटून गेली आहे. मास्टरकार्डमध्ये हीच तक्रार 4853 या क्रमांकाखाली जाते.

120 दिवस बँकेच्या हातात असतात, ग्राहकाच्या नव्हे. बँकेला कागद तपासायला आणि पुढे पाठवायला वेळ लागतो, म्हणून अनेक बँका ग्राहकासाठी त्याहून कमी मुदत ठेवतात. विक्रेत्याचे ‘आणखी दहा दिवस थांबा’ हे वाक्य याच कारणाने धोक्याचे आहे. असे चार-पाच वेळा ऐकून घेतले की मुदत संपते, आणि मग पुरावा कितीही चांगला असला तरी या मार्गाने काही करता येत नाही.

बँकेच्या अॅपमध्ये व्यवहार निवडल्यावर कारण विचारले जाते. पहिलाच पर्याय ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असा आहे. तो निवडायचा नाही. व्यवहार मी केला आहे, ओटीपी मी टाकला आहे, आणि तसे नाही म्हणणे खोटे ठरेल. तो पर्याय निवडल्यास कार्ड बंद केले जाते, चौकशी भलत्याच दिशेने जाते, ओटीपीची नोंद सापडताच तक्रार फेटाळली जाते आणि नंतर खरे कारण सांगितले तरी आपल्या शब्दाला किंमत राहत नाही. मी ‘पैसे भरले, माल मिळाला नाही’ हा पर्याय निवडला.

सोबत एका पानाचे निवेदन जोडले. त्यात घटना तारखांच्या क्रमाने सांगितल्या आणि प्रत्येक वाक्यापुढे जोडपत्राचा क्रमांक दिला. जोडपत्रांत ऑर्डरचा ईमेल, 14 मार्च ही तारीख असलेले पान, मशीनच्या वजनाचे पान, बिलातील ओळ, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, टपालाच्या नोंदीचे पान, टपाल कार्यालयाचे उत्तर आणि मावशीचे निवेदन, इतकेच कागद आहेत. कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक लिहिले.

बिलाचा प्रश्न वेगळा होता. 4 मार्चचा व्यवहार 18 मार्चच्या बिलात आला आहे आणि ते भरण्याची तारीख 6 एप्रिल आहे. वादातील रक्कम वगळून बाकीचे भरावे असे घरात सर्वांना वाटत होते. मी पूर्ण बिल भरले. पूर्ण थकबाकी वेळेवर भरली नाही तर बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज व्यवहाराच्या तारखेपासून लागू शकते. विवादाचा निकाल विरुद्ध गेला तर 18,400 रुपयांवर ते व्याजही द्यावे लागले असते. वाद मिटेपर्यंत ती रक्कम थकीत म्हणून पतमाहिती कंपन्यांना कळवू नये, असे रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे निर्देश सांगतात. ज्याला रक्कम भरणे शक्यच नाही त्याने त्यांचा आधार घेऊन बँकेकडे लेखी मागणी करावी. मला भरणे शक्य होते.

5 एप्रिल, शुक्रवार

बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रातून फोन आला. ‘सर, व्यवहार ओटीपी टाकून झालेला आहे, त्यामुळे यात आम्हाला काही करता येणार नाही. आपण विक्रेत्याशीच बोला,’ असे पलीकडच्या ताईंनी सांगितले.

त्यांना नम्रपणे म्हणालो, ‘ताई, ओटीपी मीच टाकला होता, हे मी अर्जातच लिहिले आहे. माझी तक्रार व्यवहार कोणी केला याबद्दल नाही, माल मिळाला नाही याबद्दल आहे. ही तक्रार माल न मिळाल्याच्या कारणाखाली विवाद विभागाकडे पाठवावी आणि नकारच असेल तर तो मला कारणासह लेखी द्यावा.’ त्यांनी दोन मिनिटे थांबायला सांगितले, वरिष्ठांना विचारले आणि तक्रार पुढे पाठवल्याचा क्रमांक दिला.

ही गल्लत फार जणांना माघारी धाडते, म्हणून ती नीट लिहितो. ओटीपीमुळे एवढेच सिद्ध होते की खरेदीला कार्डधारकाची संमती होती. माल पोहोचला की नाही याबद्दल ओटीपी काहीच सांगत नाही. ज्या व्यवहाराला संमतीच नव्हती त्याला रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक लागू होते. ‘कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य’ हा त्यातलाच नियम आहे. पैसे कापले गेले पण विक्रेत्याकडे व्यवहार पूर्णच झाला नाही, तर सप्टेंबर 2019 चे परिपत्रक लागू होते, ज्यात ठरलेल्या मुदतीनंतर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. आमचे प्रकरण या दोन्हींत बसत नाही. ते कार्ड नेटवर्कच्या नियमांखालचे चार्जबॅक आहे, म्हणजे भरलेली रक्कम आपल्या बँकेने विक्रेत्याच्या बँकेकडून परत मागणे, आणि भलत्या परिपत्रकाचा हवाला दिला की बँकेला ‘हे लागू नाही’ असे एका ओळीत उत्तर देता येते.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली cms.rbi.org.in येथे जाता येते. त्यासाठी 3 मे ही तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवली. लोकपाल विक्रेत्याचा न्याय करीत नाही, बँकेने आपले काम केले की नाही एवढेच पाहतो, हेही शेजारी लिहिले.

15 एप्रिल, सोमवार

बँकेचा ईमेल : 12 एप्रिल रोजी चार्जबॅक उभे करण्यात आले असून 18,400 रुपये कार्डाच्या खात्यात तात्पुरते जमा केले आहेत, आणि निकाल विरुद्ध गेल्यास ही रक्कम पुन्हा वसूल केली जाईल. मावशीने फोनवर ‘मिळाले की रे पैसे!’ म्हटले, तेव्हा तिला समजावले की ही रक्कम अजून आपली नाही. कार्डातील ती जमा पुढच्या खर्चात संपवायची नाही, असे ठरवून तेवढी रक्कम बचत खात्यात बाजूला ठेवली.

आता पैशांचा प्रवास उलट सुरू झाला आहे. माझ्या बँकेने व्हिसामार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे मागणी केली आहे, ती बँक मध्यस्थ कंपनीला आणि ती विक्रेत्याला विचारील. उत्तर देण्यासाठी त्या बाजूला साधारण 30 दिवस असतात, आणि विक्रेत्याला आपल्या बँकेने दिलेली मुदत त्याहून बरीच कमी असते. उत्तर आले नाही तर विवाद तिथेच आमच्या बाजूने संपतो.

22 एप्रिल, सोमवार

इतके दिवस गप्प असलेल्या विक्रेत्याचा आज फोन आला. बोलणे अतिशय गोड होते. ‘तुमचे पैसे आम्ही आजच परत करतो, फक्त आधी बँकेतला डिस्प्यूट मागे घ्या. तो असेपर्यंत आमची सिस्टीम रिफंड घेत नाही.’

मागे घेतलेला विवाद त्याच व्यवहारासाठी पुन्हा उघडता येणे जवळजवळ अशक्य असते, आणि हे विक्रेत्याला माहीत असते. विवाद मागे घेतला आणि पैसे आले नाहीत, तर हातात काहीच राहत नाही. मी फोनवर हो-नाही न म्हणता ईमेल पाठवला : ‘रक्कम त्याच कार्डावर परत करून व्यवहाराचा 23 अंकी एआरएन क्रमांक कळवावा. रक्कम जमा झाल्याचे दिसताच मी स्वतः बँकेला कळवून विवाद बंद करण्यास सांगेन.’ असे सांगणे प्रामाणिकपणाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. परतावा आणि चार्जबॅक दोन्ही मिळाले तर एक रक्कम आपली नसते आणि ती परत द्यावीच लागते.

एआरएन म्हणजे कार्डावरच्या परताव्याचा बँकेत माग काढता येतो तो क्रमांक. तो आला नाही. फोनची तारीख, वेळ आणि माझा ईमेल फाईलला जोडले.

14 मे, मंगळवार

विक्रेत्याने उत्तर दिले आहे. बँकेने ते पाठवून माझे म्हणणे सात दिवसांत मागितले आहे. उत्तरात टपालाच्या नोंदीचे तेच पान आहे, ‘वितरित’ या शब्दाभोवती लाल चौकट आखली आहे, आणि ‘ग्राहकाने माल स्वीकारला आहे’ असे एक वाक्य आहे. माल घेणाऱ्याची सही नाही, पूर्ण पत्ता नाही, पाकिटावरच्या लेबलचे चित्र नाही, वजनाची पावती नाही. शुल्काचा रकाना त्यांनी छापताना कापला आहे.

16 मे, गुरुवार

काल रात्री प्रतिउत्तराचा पहिला मसुदा तीन पानांचा झाला होता, तो आज एका पानावर आणला. जे बँकेत वाचले जाणार आहे ते विक्रेत्याच्या कागदाला थेट भिडले पाहिजे, आणि जुनी हकीकत पुन्हा सांगण्यात जागा घालवायची नाही. शेवटी तीनच परिच्छेद ठेवले.

पहिल्यात टपाल कार्यालयाचे 2 एप्रिलचे उत्तर. विक्रेता ज्या क्रमांकावर विसंबून आहे, त्याच क्रमांकाची वस्तू ऑर्डरवरील नाव-पत्त्याची नव्हती असे वितरण करणारे कार्यालयच लेखी सांगत आहे. पिनकोड जुळणे म्हणजे पत्ता जुळणे नव्हे.

दुसऱ्यात वजन. विक्रेत्याच्या पानावर कापलेला शुल्काचा रकाना माझ्या 22 मार्चच्या प्रतीत आहे. 41 रुपये 30 पैसे हा 50 ग्रॅमपर्यंतचा दर आहे आणि विक्रेत्याच्याच पानानुसार मशीन साडेसहा किलोचे आहे. म्हणजे ते पाकीट कोणालाही मिळाले असले तरी त्यात विकलेला माल असू शकत नाही. टपालाच्या दरांचे अधिकृत पान सोबत जोडले, कारण वाचणाऱ्याला हा दर माहीत असेल असे गृहीत धरता येत नाही.

तिसऱ्यात तारखा. कबूल केलेला दिवस 14 मार्च, माझे पत्र 20 मार्चचे आणि टपालातील नोंदणी 21 मार्चची, म्हणजे माल रवाना झाल्याचे दाखवण्याची हालचाल तक्रारीनंतरची आहे. हा मुद्दा एकटा असता तर कमकुवत ठरला असता, कारण उशिरा पाठवलेला मालसुद्धा माल असतो. पहिल्या दोन मुद्द्यांच्या मागे मात्र तो चांगला उभा राहतो, म्हणून त्याला शेवटी ठेवले.

मागणी एका ओळीत : विक्रेत्याने ऑर्डरवरील पत्त्यावर दिल्याचा सहीसह पुरावा दाखवावा, नसल्यास चार्जबॅक कायम करावे.

21 मे, मंगळवार

बँकेने काल प्रकरण पूर्व-लवादाच्या टप्प्यात पाठवल्याचे कळवले. या टप्प्यात माझी बँक विक्रेत्याच्या बँकेला सांगते की तुमचा पुरावा आम्हाला मान्य नाही, आणि त्या बँकेला जबाबदारी स्वीकारणे किंवा नाकारणे यांपैकी एक करावे लागते. त्यासाठीही साधारण 30 दिवस असतात. त्यांनी नाकारले तर शेवटचा टप्पा व्हिसाकडील लवादाचा. तिथे ग्राहक जात नाही, बँकाच जातात, आणि हरणाऱ्या बँकेला शुल्क भरावे लागते. आमच्या 18,400 रुपयांच्या मानाने ते शुल्क मोठे आहे. कागद कच्चे असलेली लहान प्रकरणे बँका तिथवर नेत नाहीत, आणि कागद पक्के असतील तर समोरची बँकही नेत नाही. त्यामुळे अशा रकमेचा निकाल बहुधा याच टप्प्यावर लागतो.

निकाल विरुद्ध गेलाच तर त्याने विक्रेत्याविरुद्धचा माझा हक्क संपत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येते, आणि तिथेही याच फाईलमधले कागद लागतील.

21 जून, शुक्रवार

विक्रेत्याच्या बँकेने जबाबदारी स्वीकारली. बँकेच्या पत्रात ‘विवाद कार्डधारकाच्या बाजूने बंद, तात्पुरती जमा कायम’ असे लिहिले आहे. व्यवहारापासून आजपर्यंत 109 दिवस आणि बँकेकडे तक्रार दिल्यापासून 79 दिवस लागले. पत्र छापून फाईलमध्ये सर्वांत वर ठेवले. टपाल कार्यालयाच्या उत्तराची एक प्रत मावशीने स्वतःकडे मागून घेतली.

हेल्पलाइनला निकाल कळवून तिथली तक्रार बंद करण्यास सांगितले. टपाल कार्यालयात जाऊन पोस्टमास्तरांनाही सांगून आलो. पिनकोडच्या आधाराने असे पाकीट पाठवल्याची तक्रार घेऊन आणखी कोणी आले, तर कसा अर्ज द्यायला सांगावा हे त्यांनी विचारले, म्हणून मावशीच्या अर्जाची प्रत त्यांच्याकडे ठेवली.

19 जुलै, शुक्रवार

काल आलेले बिल ओळीने तपासले. 18,400 रुपयांची उलट वसुली नाही, त्यावर व्याज नाही, विवादाचे कोणतेही शुल्क नाही. बचत खात्यात बाजूला ठेवलेली रक्कम आज मोकळी केली आणि तिच्यातून मिरजेच्या दुकानातून ओव्हरलॉक मशीन घेतले. दुकानदाराने ते मावशीच्या घरी लावून दिले, आणि चार धागे ओवून पहिली शिवण घालून दाखवल्यानंतरच आम्ही पावतीवर सही केली.